जोडी कुठे अडकली आहे, ते आधी विचारा

राज्य मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्रात तेरावं प्रकरण अमाइन्सचं आहे. ते सुरू झालं की सातारा असो की सांगली, मुलांच्या वह्यांच्या समासात दोन आकडे दिसू लागतात : २१३ आणि २३१. मिथिल अमाइन असतील तर बेस म्हणून आधी सेकंडरी, मग प्रायमरी, मग टर्शरी. इथिल असतील तर आधी सेकंडरी, मग टर्शरी, मग प्रायमरी. खाली तिसरी ओळ असते : 'त्यानंतर अमोनिया, सगळ्यात शेवटी ॲनिलिन.' या तीन ओळी पाठ झाल्या की प्रकरण संपलं असं मुलांना सांगितलं जातं, आणि मुलं तसं मानतात.

मी सांगलीत शिकलो आणि साताऱ्यात शिकवतो. हे आकडे मी अनेक वर्षं पाहतो आहे, आणि दरवर्षी माझा संताप वाढतो. मुलांवर माझा राग नाही. राग आहे तो या आकड्यांमागे उभ्या असलेल्या मतावर. ते मत आता इतकं रुजलं आहे की चांगले शिक्षकसुद्धा ते मान खाली घालून मान्य करतात.

ते मत त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो, म्हणजे मी सोपं करून पाडलं असं कुणी म्हणायला नको. पहिला मुद्दा : सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला एक मिनिटही येत नाही, तेव्हा कारणं शोधायला वेळ कुठे आहे? दुसरा मुद्दा : रेझोनन्स म्हणजे कागदावर काढलेल्या बाणांची गोष्ट. ती कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही, मग ती समजून घेण्यापेक्षा निकाल पाठ केलेला बरा. तिसरा मुद्दा सगळ्यात टोकदार आहे : 'नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनची जोडी जितकी मोकळी, तितका बेस प्रबळ' हा नियम ट्रायमिथिल अमाइनपाशीच मोडतो. जो नियम तिसऱ्या पायरीवर मोडतो, तो शिकवायचाच कशाला?

तिन्ही मुद्दे एकेक करून घेतो. त्याआधी वाद नेमका कशावर आहे ते स्पष्ट करू.

अमोनियाच्या नायट्रोजनवर तीन हायड्रोजन असतात आणि बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनची एक जोडी उरते. वर्गात आपण तिला लोन पेअर म्हणतो. बेस म्हणून अमोनिया जे काही करतो ते या जोडीच्या जोरावर. पाण्यातला एखादा प्रोटॉन ती पकडते, अमोनियम आयन होतो आणि मागे हायड्रॉक्साइड उरतो. अमोनियातला एक हायड्रोजन काढून तिथे मिथिल गट लावला की मिथिल अमाइन होतं, आणि बेन्झिनचं कडं लावलं की ॲनिलिन. नायट्रोजन तोच आणि जोडीही तीच. तरीही तिघांचं वागणं किती वेगळं आहे ते बघा.

एक दशांश मोलर तीव्रतेची तीन द्रावणं घ्या. अमोनियाच्या दर दहा हजार रेणूंपैकी साधारण १३० रेणू कोणत्याही क्षणी प्रोटॉन पकडून बसलेले असतात. मिथिल अमाइनचे साधारण ६३० असतात. ॲनिलिनचा दहा हजारांत एकही भरत नाही. पंधरा हजारांत कसाबसा एक सापडतो. पीएचमध्ये सांगायचं तर मिथिल अमाइन ११.८, अमोनिया ११.१ आणि ॲनिलिन अवघा ८.८. प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकून बघा. पहिल्या दोन नळ्या गडद गुलाबी होतात. तिसरीत फिकट झाक दिसली तर दिसली, आणि हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळला की तीही जाते. अमोनिया आणि ॲनिलिन यांच्या प्रबळतेत चाळीस हजार पटींहून जास्त अंतर आहे. एवढी मोठी दरी समोर असताना 'का' हा प्रश्न न विचारता पुढे जाणं मला तरी शक्य नाही.

आता पहिला मुद्दा, वेळेचा. पाठांतरानं वेळ वाचतो म्हणतात. वाचतो, पण प्रश्न वहीतलाच आला तर. तो जरा हलला की काय होतं ते मी वर्गात पाहिलं आहे. फळ्यावर बेन्झिल अमाइनची रचना काढली आणि विचारलं, 'हा अमोनियाच्या जवळचा बेस आहे की ॲनिलिनच्या?' चुणचुणीत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका मुलीनं क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, 'ॲनिलिनच्या जवळचा, सर. कडं आहे ना.' तिला कडं म्हणजे दुर्बळ बेस एवढंच पाठ होतं. उत्तर साफ चुकीचं होतं. बेन्झिल अमाइनचा पीकेबी ४.७०, अमोनियाचा ४.७५. पीकेबी जितका कमी तितका बेस प्रबळ, हे लक्षात ठेवा. म्हणजे बेन्झिनचं अख्खं कडं अंगावर घेऊनही बेन्झिल अमाइन अमोनियाच्या बरोबरीनं उभं आहे. ॲनिलिन मात्र ९.३८ वर घसरलं आहे.

कडं दोघांत तेच आहे. फरक इतकाच की बेन्झिल अमाइनमध्ये कडं आणि नायट्रोजन यांच्यामध्ये एक सीएच-टू गट आहे. तो मध्ये आला की नायट्रोजनवरची जोडी कड्याच्या इलेक्ट्रॉनमेघाला भिडू शकत नाही, ती नायट्रोजनवरच राहते आणि प्रोटॉनसाठी मोकळी असते. त्या मुलीला मी एवढंच विचारलं : 'जोडीला कड्यात जायला वाट आहे का?' तिनं बोटानं रेषा मोजल्या, सीएच-टूपाशी थांबली आणि स्वतःच म्हणाली, 'नाही, वाट अडली.' याला दहा सेकंदही लागले नाहीत. मग वेळ वाचतो कशानं? तीन ओळींच्या पाठांतरानं, की या एका प्रश्नानं? सायक्लोहेक्झिल अमाइन कोणत्याच वहीच्या समासात नसतं. त्यातही सहा कार्बनचं कडं आहे, पण ते बेन्झिनचं नाही. त्यात फिरता इलेक्ट्रॉनमेघ नाही, म्हणून जोडी मोकळी आहे आणि पीकेबी ३.३ च्या आसपास, म्हणजे अमोनियापेक्षा प्रबळ. आकडे पाठ करणाऱ्याला प्रत्येक नव्या रेणूसाठी नवी ओळ लागते. जोडी शोधणाऱ्याला एकच प्रश्न पुरतो.

दुसरा मुद्दा, रेझोनन्स ही बाणांची गोष्ट असल्याचा. हा आरोप मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण तो करणारे लोक स्वतः प्रयोगशाळेत उभे असतात आणि पुरावा त्यांच्या हातातल्या नळीत असतो.

ॲनिलिनच्या पाण्यातल्या द्रावणात ब्रोमिन वॉटर टाका. कोणताही उत्प्रेरक लागत नाही, तापवावंही लागत नाही. ब्रोमिनचा रंग जातो आणि पांढरा साका खाली बसतो. तो २,४,६-ट्रायब्रोमोॲनिलिनचा. साधं बेन्झिन ब्रोमिन वॉटरला दादही देत नाही. त्याला ब्रोमिन स्वीकारायला लावायचं तर लोखंडासारखा उत्प्रेरक घालावा लागतो. मग ॲनिलिनच्या कड्यात एवढा उतावळेपणा आला कुठून? कड्यात जास्तीचे इलेक्ट्रॉन आले आहेत म्हणून. ते आले नायट्रोजनच्या जोडीतून. आणि ब्रोमिन बसला तोही नेमका ऑर्थो आणि पॅरा जागांवर, जिथे ते बाण इलेक्ट्रॉन नेऊन ठेवतात. म्हणजे जी जोडी प्रोटॉनला हवी होती ती कड्यात वाटली गेली. तिच्यामुळे कडं तेज झालं आणि नायट्रोजन बेस म्हणून दुबळा झाला. या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच जोडीच्या त्या दोन बाजू आहेत.

उलटी बाजू तपासायची असेल तर नायट्रेशन बघा. तीव्र आम्लात ॲनिलिनचं नायट्रेशन केलं तर जवळजवळ निम्मा माल, ४७ टक्के, मेटा जागेवरचा मिळतो. ऑर्थो-पॅराकडे नेणारा गट इथे मेटाकडे कसा वळला? कारण तीव्र आम्लात ॲनिलिनला प्रोटॉन चिकटतो आणि जोडी नायट्रोजन-हायड्रोजन बंधात कैद होते. कड्याला मिळणारी रसद तुटते. दुबळा असला तरी ॲनिलिन शेवटी बेसच आहे, आणि पुरेसं आम्ल दिलं की तो जोडी देतोच. जोडी एका जागी गुंतली की दुसऱ्या जागी नसते. ही गोष्ट कागदावरच्या बाणांची असती, तर बरणीतल्या मालाचं प्रमाण बदललं असतं का?

मोजपट्टीही हेच सांगते. मिथिल अमाइनमधला कार्बन-नायट्रोजन बंध १.४७ अँगस्ट्रॉम लांब आहे, ॲनिलिनमधला १.४० च्या आसपास. बंध आखडला, कारण जोडीचा काही भाग त्या बंधात उतरला आणि त्याला थोडा दुहेरीपणा आला.

इथे मी स्वतःच्या बाजूच्या लोकांनाही एक सांगतो. 'जोडी कड्यात जाते' एवढं सांगून थांबणं हेही अर्धंच स्पष्टीकरण आहे. बेन्झोक्विन्युक्लिडीन नावाचा एक रेणू आहे. त्यात नायट्रोजन बेन्झिनच्या कड्याला थेट जोडलेला असतो, पण पिंजऱ्यासारख्या रचनेत असा घट्ट बांधलेला की त्याची जोडी कड्याच्या पातळीत आडवी पडून राहते. कड्याचा इलेक्ट्रॉनमेघ त्या पातळीच्या वर आणि खाली असतो, त्यामुळे जोडी आणि मेघ यांची गाठच पडत नाही. कडं आहे, जोडणीही थेट आहे, फक्त रेझोनन्सची वाट बंद. आता आकडे बघा. ज्याची जोडी कड्यात वाटली जाते त्या डायमिथिल ॲनिलिनचा पीकेबी ८.९२. बेन्झोक्विन्युक्लिडीनचा ६.२. आणि कडं नसलेल्या तशाच पिंजऱ्याचा, क्विन्युक्लिडीनचा, साधारण ३.

वाट बंद होताच बेसची ताकद पाचशेहून जास्त पटींनी वाढली. रेझोनन्स खरा आहे याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. पण ताकद पूर्ण परत आली नाही, ३ पर्यंत पोचली नाही. उरलेली घट कुठली? कड्याचे कार्बन एसपी-टू जातीचे असतात, आणि ते साध्या अल्किल कार्बनपेक्षा इलेक्ट्रॉन जास्त ओढून धरतात. जोडी कड्यात वाटली गेली नाही तरी ती थोडी आवळली जाते. अल्किल गट याच्या उलट वागतो : तो नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉन सरकवतो, जोडी सैल होते, आणि प्रोटॉन बसल्यावर आलेला धन प्रभार सावरायलाही मदत होते. म्हणजे जोडी किती मोकळी आहे हे विचारताना दोन गोष्टी बघायच्या : ती वाटली गेली आहे का, आणि ती आवळली गेली आहे का. ॲनिलिनमध्ये दोन्ही घडतात. मिथिल अमाइनमध्ये यातलं एकही घडत नाही, उलट तिला धक्का मिळतो. अमोनिया या दोघांच्या मध्ये उभा आहे, कारण त्याच्या जोडीला ढकलणारं कुणी नाही आणि ओढणारंही नाही. ॲलिफॅटिक अमाइन, अमोनिया, ॲनिलिन हा क्रम इथून निघतो.

आता तिसरा मुद्दा, ट्रायमिथिल अमाइनचा. यावर विरोधकांचा सगळा भार आहे. तीन मिथिल गट म्हणजे तिप्पट धक्का, मग तो सगळ्यात प्रबळ असायला हवा. पण पीकेबी बघितले तर डायमिथिल ३.२७, मिथिल ३.३८ आणि ट्रायमिथिल ४.२२. म्हणून नियम मोडला, असं ते म्हणतात.

कुठे मोडला? हे आकडे पाण्यातले आहेत. पाणी काढून घ्या आणि वायुरूपात मोजा. रेणूनं प्रोटॉन पकडला की किती ऊर्जा सुटते ते मोजता येतं. त्याला प्रोटॉन ॲफिनिटी म्हणतात. मोलमागे किलोज्यूलमध्ये अमोनिया ८५४, मिथिल ८९९, डायमिथिल ९३० आणि ट्रायमिथिल ९४९. प्रत्येक मिथिल गटाबरोबर आकडा चढत गेला. जोडीचा नियम एका पायरीवरही चुकलेला नाही. चूक आहे ती पाण्याचा हिशेब न धरण्याची. प्रोटॉन पकडल्यावर जो आयन तयार होतो त्याला पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी धरून सावरतात, आणि धरायला नायट्रोजनवर हायड्रोजन लागतात. मिथिल अमाइनच्या आयनावर असे तीन हायड्रोजन असतात, डायमिथिलच्या दोन, ट्रायमिथिलच्या एकच. एका बाजूनं धक्का वाढतो, दुसऱ्या बाजूनं पाण्याचा आधार कमी होतो. या ओढाताणीत मधला जिंकतो. २१३ चा अर्थ हा आहे. इथिल गट मिथिलपेक्षा जास्त धक्का देतो, म्हणून तिथे टर्शरी मागे पडूनही प्रायमरीच्या पुढे राहतो, आणि २१३ चं २३१ होतं. जे दोन आकडे मुलं फोन नंबरासारखे पाठ करतात, ते याच नियमाला पाण्याचा हिशेब जोडला की आपोआप निघतात.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते, आणि ती मी लपवणार नाही. वायुरूपात ॲनिलिनची प्रोटॉन ॲफिनिटी ८८२ आहे, म्हणजे अमोनियापेक्षा जास्त. पाण्याबाहेर ॲनिलिन अमोनियाहून प्रबळ बेस ठरतो, कारण प्रोटॉन बसल्यावर येणारा प्रभार एवढा मोठा रेणू स्वतःच्या अंगावर पसरवून सोसू शकतो. छोट्या अमोनियम आयनाला ते जमत नाही. त्याला पाण्याचा आधार लागतो, आणि चार हायड्रोजनमुळे तो भरपूर मिळतो. म्हणून 'ॲनिलिन अमोनियापेक्षा दुर्बळ' हे विधान पाण्यातलं आहे, आणि ते तसंच सांगायला हवं. पण यानं जोडीचा नियम खोटा ठरतो का? सायक्लोहेक्झिल अमाइनही ॲनिलिनएवढंच मोठं आहे आणि वायुरूपात ते ॲनिलिनच्या बरंच पुढे असतं. आकार सारखा ठेवून तुलना केली की कड्यात अडकलेली जोडी तिथेही मागेच पडते.

हे सगळं घरापासून दूरचं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कराडच्या मासळी बाजारात जावं. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून आलेली समुद्राची मासळी आणि कृष्णेतले मासे यांच्या वासातला फरक तिथल्या कुणालाही सांगता येईल. समुद्राच्या मासळीच्या अंगात ट्रायमिथिल अमाइन ऑक्साइड भरपूर असतं. मासळी शिळी व्हायला लागली की जिवाणू त्याचं ट्रायमिथिल अमाइन करतात. ते तीन अंशांवरच उकळतं, म्हणून सरळ हवेत उडतं आणि नाकात भरतं. माझी आई मासळीला लिंबू चोळून ठेवायची. लिंबातल्या आम्लाचा प्रोटॉन त्या मोकळ्या जोडीवर बसतो, अमाइनचा क्षार होतो, आणि क्षार उडत नाही. वास बसतो.

एवढं आंबट घ्यायचीही गरज नाही. ताकाच्या आंबटपणाचं, म्हणजे पीएच ४.६ च्या आसपासचं द्रावण प्रयोगशाळेत करा. त्यात ट्रायमिथिल अमाइनचे लाख-दीड लाख रेणू असतील, तर प्रोटॉनविना मोकळा राहतो साधारण एक. त्याच द्रावणात ॲनिलिन घातलं तर त्यातले निम्मे रेणू मोकळेच राहतात, कारण त्यांची जोडी कड्यात गुंतलेली आहे. ॲनिलिन कातडीतून अंगात भिनणारं विष आहे, तेव्हा हा प्रयोग हातमोजे घालून आणि प्रयोगशाळेतच करायचा. पण निकाल लक्षात ठेवा : एकाच पातळीच्या आंबटपणात एकाची जोडी पूर्णपणे प्रोटॉनच्या हवाली होते, दुसऱ्याची अर्धीच. 'मोकळी जोडी' या शब्दांचा अर्थ याहून थेट कसा दाखवायचा?

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हे झेपत नाही, असंही मला ऐकवलं जातं. मी ते साफ नाकारतो. त्याला 'डीलोकलायझेशन' हा शब्द झेपत नसेल. 'जोडी वाटली गेली' हे त्याला पहिल्या वाक्यात कळतं. कारण समजून घेण्याची कुवत आणि इंग्रजी शब्दाची सवय या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीच्या नावाखाली पहिली नाकारणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

म्हणून माझं म्हणणं पुन्हा, स्पष्ट शब्दांत. ॲलिफॅटिक अमाइन अमोनियापेक्षा प्रबळ आहेत, कारण अल्किल गट नायट्रोजनवरची जोडी प्रोटॉनकडे ढकलतात. पाण्यात ॲनिलिन अमोनियापेक्षा दुर्बळ आहे, कारण त्याची जोडी कड्यात वाटली गेली आहे आणि कड्यानं आवळलीही आहे. पाण्यातला अल्किल अमाइनचा आपसातला क्रम बदलतो तो आयनाला मिळणाऱ्या पाण्याच्या आधारामुळे. या तीन वाक्यांत सगळं प्रकरण बसतं. समासातल्या तीन ओळींइतकीच ही वाक्यं लांब आहेत, आणि ती न पाहिलेल्या रेणूलाही लागू पडतात.

सातारा-सांगलीच्या माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती आहे. यंदा तेरावं प्रकरण सुरू कराल तेव्हा फळ्यावर २१३ लिहू नका. अमोनिया, बेन्झिल अमाइन आणि ॲनिलिन यांच्या रचना शेजारी शेजारी काढा आणि मुलांना विचारा : जोडी कुठे आहे? क्रम ती स्वतःच लावतील.